ग्रिलचा ऑइल पेंट चिकटच राहतो: डब्यावरचे तास कुठे चुकतात

दर वर्षी श्रावणात मुंबईत हीच तक्रार कानावर येते. गणपतीच्या आधी घर नीटनेटकं व्हावं म्हणून ग्रिल, दारं, कपाटं रंगवून घेतली जातात. डब्यावर लिहिलेलं असतं की चार ते सहा तासांत वरून वाळेल आणि चोवीस तासांत कडक होईल. तीन दिवस उलटले तरी ग्रिलला हात लावला की बोट चिकटतं, पडदा लागला की त्याचे धागे रंगाला बसतात, आणि खिडकीपाशी ठेवलेला पेपर उचलताना अर्धा ग्रिललाच राहतो. रंग बनावट निघाला, दुकानदाराने फसवलं, असं म्हणून लोक डबा परत आणतात. बहुतेक वेळा डब्यातल्या रंगात काही खोट नसते. डब्यावरच्या ओळी सुट्या सुट्या वाचलेल्या असतात, तिथे चूक होते.

इथे मी फक्त लोखंडी ग्रिलवर ब्रशने लावायच्या सिंथेटिक इनॅमलबद्दल लिहितोय. आपण त्यालाच ऑइल पेंट म्हणतो. भिंतीचा पाण्यातला रंग वेगळ्या पद्धतीने वाळतो, त्याला यातलं निम्मंही लागू नाही.

आधी चिकटपणा कसला आहे ते बघा

अंगठा ग्रिलवर सपाट टेकवा, थोडा दाब द्या आणि जागच्या जागी वळवा. नुसता स्पर्श करून काही कळत नाही, अंगठा वळवल्यावर कळतं. वरचा थर घट्ट आहे पण दाबल्यावर आतून लोण्यासारखा सरकतो आणि कातडी सुरकुतते, असं झालं तर रंग जाड लागलाय, किंवा पहिला हात आतून वाळायच्या आधीच दुसरा मारलाय. सळीच्या खालच्या कडेला, जिथे थेंब लोंबतात, तिथे ही खूण सगळ्यात आधी दिसते.

कातडी नाहीच, वरपासून खालपर्यंत सगळीकडे सारखाच चिकटपणा आहे आणि चकाकी धुरकट झालीय, तर दमट हवेवर किंवा चुकीच्या थिनरवर संशय घ्या. आणि एका खोलीतलं ग्रिल वाळलं, पण त्याच डब्यातल्या रंगाचं स्वयंपाकघरातलं ग्रिल वाळलं नाही, तर रंगाला दोष देऊच नका. तिथे रंगाखाली फोडणीच्या तेलाचा थर बसलेला असतो. कोरड्या फडक्याने पुसून तो जात नाही, आणि त्यावर इनॅमल नीट धरत नाही की वाळत नाही.

डब्यावरचे तास कोणत्या हवेचे आहेत

इनॅमल दोन टप्प्यांत वाळतं. आधी त्यातलं टर्पेंटाइन उडून जातं, तेव्हा रंग बोटाला लागेनासा होतो. डब्यावर ‘सरफेस ड्राय’ म्हणून जे तास दिलेले असतात ते या टप्प्याचे. त्यानंतर रंगातलं तेल-राळेचं मिश्रण हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू कडक होत जातं. ‘हार्ड ड्राय’ म्हणतात ते हे, आणि याला वेळ लागतोच. रंगात ड्रायर म्हणून कोबाल्टसारख्या धातूंची संयुगं घातलेली असतात, ती हे काम लवकर उरकतात. पण त्यांनाही हवा मिळावी लागते, आणि ती थराच्या वरच्या बाजूनेच आत शिरते. म्हणून थर जेवढा जाड, तेवढा आतला रंग उपाशी राहतो. वरचा पापुद्रा आधी बनला तर आतल्या टर्पेंटाइनची बाहेर पडायची वाटही बंद होते.

आता हवेचं बघू. आपल्याकडे रंगांच्या चाचण्या साधारण २७ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता धरून घेतल्या जातात. डब्यावरचे तास अशाच हवेचे असतात, आणि तेही डब्यावर सांगितलेल्या पातळ थरासाठी. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये तापमान जवळपास तेच असतं, पण आर्द्रता ८५च्या आसपास फिरते आणि पहाटे त्याहूनही वर जाते. अशा हवेत पुढचं कडक होणं मंदावतं, आणि चोवीस तासांचे सहज अठ्ठेचाळीस ते बहात्तर तास होतात. ही रंगाची खोट नाही, पण डब्यावर हे ठळक कुणी छापत नाही. बारीक अक्षरांत एक ओळ मात्र बहुधा असते, की आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना रंग लावू नये. पावसाळ्यात या डब्यावरची सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच, आणि ती वाचायला चष्मा लागतो.

लोखंडाची आणखी एक अडचण आहे. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २५ अंशांच्या जवळ येतो. म्हणजे सळी हवेपेक्षा तीनच अंशांनी थंड असली की तिच्यावर ओल धरते. डोळ्याला ती दिसत नाही. पहाटे, किंवा पावसाची सर नुकतीच ओसरली असताना सळ्या इतक्या थंड असतातच. रंग अशा ओलीवर बसला की नीट चिकटत नाही, आणि ताज्या रंगावर ओल बसली की चकाकी मरून पांढुरकी झाक येते.

यासाठी एक साधी परीक्षा आहे. ओलं फडकं घट्ट पिळून सळीच्या वीतभर भागावरून फिरवा. तो ओला पट्टा पंधरा मिनिटांत पूर्ण कोरडा झाला तर रंगवायला हरकत नाही. झाला नाही तर त्या दिवशी ब्रश काढू नका, घासण्या-पुसण्याचं काम उरकून घ्या. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र मिळालं तर उत्तमच, पण नसलं तरी या पट्ट्यावरून काम भागतं.

प्रभादेवीची तीन ग्रिलं

मागच्या पावसाळ्यात प्रभादेवीच्या एका जुन्या इमारतीतल्या काकू दुकानात आल्या. हॉल, बेडरूम आणि स्वयंपाकघर अशी तीन ग्रिलं ब्राऊन रंगात करून घेतली होती, आणि पाचव्या दिवशीही तिन्ही चिकट होती. रंग बदलून द्या, असं त्यांचं म्हणणं.

“काकू, रंग किती लागला?”

“एक लिटर आणला होता, तो पुरला नाही. म्हणून दुपारी अर्धा लिटर परत मागवला. तोही संपला.”

“आणि दुसरा हात कधी मारला?”

“जेवण झाल्यावर लगेच. कारागिराला संध्याकाळी दुसरीकडे जायचं होतं ना.”

काय झालं असावं ते इथेच कळलं होतं. तरी मी घरी जाऊन मापं घेतली, कारण आकडे समोर मांडल्याशिवाय कुणाला पटत नाही. तीनही ग्रिलं सारखीच होती, ५ फूट रुंद आणि ४ फूट उंच. आत चार-चार इंचांवर १२ मिलिमीटरच्या चौरस सळ्या उभ्या, एकूण १४. चौकट आणि मधल्या दोन आडव्या पट्ट्या २५ बाय ५ मिलिमीटरच्या.

सळीच्या चारही बाजू मोजल्या तर ४८ मिलिमीटर होतात, म्हणजे जवळपास २ इंच. १४ सळ्या ४ फुटांच्या, म्हणजे ५६ फूट लांबी. त्याला २ इंच रुंदीने धरलं तर साडेनऊच्या आत चौरस फूट भरतात. पट्ट्यांची लांबी चौकट धरून २८ फूट आणि परीघ अडीच इंचांच्या आत, तिथे आणखी साडेपाच-सहा. म्हणजे एका ग्रिलचं चारही बाजूंनी रंगवायचं क्षेत्रफळ साधारण १५ चौरस फूट, आणि तिघांचं ४५.

आता डब्यावरची कव्हरेजची ओळ घ्या. इनॅमलच्या डब्यावर गुळगुळीत पृष्ठभागासाठी, एका हाताला, लिटरमागे १० ते १४ चौरस मीटर असं काहीतरी लिहिलेलं असतं. आपण मधला १२ धरू, म्हणजे १३० चौरस फुटांच्या आसपास. ४५ चौरस फुटांना एका हाताला ३५० मिलिलिटर पुरायला हवा, दोन हातांना ७००. ब्रशमध्ये राहिलेला, सांडलेला धरून पाऊण लिटरच्या थोडं वर. आणि इथे दीड लिटर संपला होता.

कव्हरेजची ओळ लोक फक्त खरेदीचा हिशेब म्हणून वाचतात. पण रंग किती जाड लावायचा, हेही त्याच ओळीत सांगितलेलं असतं. एक लिटर रंग एका चौरस मीटरवर पसरला तर थर एक मिलिमीटर होतो, म्हणजे १००० मायक्रॉन. तोच १२ चौरस मीटरवर पसरला तर ओला थर ८३ मायक्रॉनचा. डब्यावरचे सहा तास आणि चोवीस तास हे एवढ्या थराचे आहेत. काकूंच्या ४५ चौरस फुटांचे सव्वाचार चौरस मीटर होतात. त्यावर दीड लिटर म्हणजे साडेतीनशे मायक्रॉन. वाया गेलेला वजा केला तरी तीनशेच्या वर, आणि तोही सगळा एका दिवसात. दोन हात मिळून दोन वेगळ्या दिवशी १६६ पडायला हवे होते.

म्हणून रंग चिकट राहिला की पहिला प्रश्न हाच विचारा, की डबा किती संपला. तुमच्या ग्रिलची रचना वेगळी असेल तर सळ्यांचा हिशेब पुन्हा करा. तेवढा वेळ नसेल तर ठेकेदारांची रूढ पद्धत वापरा. साध्या सपाट ग्रिलची रुंदी गुणिले उंची घ्या, आणि तेच चारही बाजूंच्या रंगकामाचं क्षेत्रफळ धरा. आपल्या बांधकाम मोजणीच्या मानकातही साध्या ग्रिलला हाच नियम आहे. काकूंच्या ग्रिलला त्याने २० चौरस फूट आले असते. प्रत्यक्षाहून थोडे जास्तच, पण अंदाजाला चालतं. बाहेर काढलेल्या बॉक्स ग्रिलला मात्र प्रत्येक बाजू वेगळी मोजावी लागते.

स्वयंपाकघरातल्या ग्रिलची गोष्ट वेगळी निघाली. थर तिथेही जाड होताच, पण खालच्या दोन फुटांत, ओट्याच्या बरोबर वर, रंग नखाने सोललाही जात होता. सोललेल्या पापुद्र्याची आतली बाजू तेलकट होती. तिथे कितीही दिवस थांबलं असतं तरी काही झालं नसतं.

थिनर: कोणतं आणि किती

इनॅमलच्या डब्यावर पातळ करण्यासाठी मिनरल टर्पेंटाइन, म्हणजे एमटीओ लिहिलेलं असतं आणि ब्रशसाठी प्रमाण बहुधा १० टक्क्यांपर्यंत असतं. म्हणजे अर्ध्या लिटरला जास्तीत जास्त ५० मिलिलिटर. एवढंसं मोजून कुणी घालत नाही, बाटली वाकडी करून ओतलं जातं. मग रंग सळीवरून ओघळतो, खाली थेंब होतात, आणि वरची कड उघडी दिसते म्हणून तिथे पुन्हा ब्रश फिरवला जातो. थेंब आणि जाड थर तिथूनच येतात. नवा डबा नीट ढवळला तर बहुधा पातळ करायची गरजच पडत नाही. तळाशी बसलेला गोळा सपाट पट्टीने वर आणायचा आणि चार-पाच मिनिटं फिरवत राहायचं. अर्धवट ढवळलेल्या डब्यातला वरचा भाग पातळ, तेलकट आणि उशिरा वाळणारा असतो, आणि खाली राहतो तो लापशीसारखा.

दुसरा प्रकार चुकीच्या थिनरचा. एनसी थिनर लाकडी फर्निचरच्या लॅकरसाठी असतं. ते फार तीव्र असतं आणि झटपट उडतं. लवकर वाळेल म्हणून काही कारागीर ते इनॅमलमध्ये घालतात. वरची कातडी खरंच लवकर बनते, पण आतलं अडकून पडतं. शिवाय खालचा हात अजून कच्चा असेल तर हे थिनर त्याला उचलतं आणि सगळा रंग मगरीच्या पाठीसारखा खडबडीत होतो. उलट टोकाला रॉकेल. एमटीओपेक्षा स्वस्त पडतं म्हणून ते घातलं जातं. त्यातला काही भाग इतका सावकाश उडतो की तो रंगातच राहतो, आणि रंग आठवडाभर सगळीकडे सारखा चिकट राहतो.

कारागिराने काय वापरलं ते कळत नसेल, तर उरलेल्या बाटलीतला थेंब पांढऱ्या कागदावर टाका. एनसी थिनर मिनिटभरात उडतं आणि त्याचा वास नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा येतो. एमटीओचा डाग हळूहळू पण पूर्ण जातो. रॉकेलचा तेलकट डाग तासाभरानेही उजेडाला धरला की दिसतो. ही परीक्षा करताना कागद गॅसपासून लांब ठेवा.

खिडकी बंद ठेवून रंग वाळत नाही

हवा खेळती ठेवा, ही डब्यावरची सूचना लोक फक्त वासापुरती घेतात. ती आरोग्याची आहेच, पण रंग वाळण्याचीही आहे. काकूंच्या घरात तावदानं बाहेर उघडणारी आणि ग्रिल आतल्या बाजूला. पाऊस आत येतो म्हणून त्यांनी तावदानं लावून घेतली होती. बंद खोलीत टर्पेंटाइनची वाफ साचते, आणि हवेत ती जेवढी जास्त, तेवढं रंगातलं टर्पेंटाइन बाहेर पडायला कमी जागा.

एकच खिडकी उघडून हवा फिरत नाही. एका बाजूने हवा आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर, अशा दोन वाटा लागतात. खोलीचं दार अर्धं उघडं ठेवा आणि टेबल फॅन खिडकीकडे तोंड करून बाहेर हवा फेकेल असा लावा. पंखा ताज्या रंगावर जवळून रोखू नका, त्याने वरची कातडी लवकर धरते आणि धूळही बसते. झोडपून पाऊस असेल तर त्या दिवशी ग्रिलला हातच लावू नका.

एसीबद्दल हमखास विचारलं जातं. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची घेत नाही. आर्द्रता तो नक्की कमी करतो, पण रंगाची वाफ खोलीतच राहते. म्हणून पहिल्या दिवशी खिडकी उघडी आणि पंखा. दुसऱ्या दिवशी वास जवळपास गेल्यावर, खिडकी लावून एसी ड्राय मोडवर काही तास चालवला तर कडक होण्याला खरी मदत होते. मधूनमधून खिडकी उघडत राहा.

आरोग्याचं सांगतो, आणि हे मला मनापासून सांगायचंय. मुंबईतल्या लहान खोलीत चार माणसं झोपतात, त्यातली दोन जमिनीवर गादी टाकून. टर्पेंटाइनची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खालीच साचते. त्यामुळे ज्या खोलीत रंग लावलाय तिथे पहिली रात्र कुणीच झोपू नका. लहान मुलं, गरोदर बाई आणि दम्याचा माणूस तर मुळीच नको. झोपायला दुसरी खोली नसेल तर दिवसाला एकच ग्रिल घ्या आणि सकाळी घ्या. वास येईनासा झाला म्हणजे वाफ गेली असं समजू नका, नाक त्याला सरावतं. डोकं जड झालं, गरगरलं, मळमळलं की काम थांबवून मोकळ्या हवेत जा. कापडी मास्क किंवा तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. त्यासाठी कोळशाचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो.

आणि ही वाफ पेट घेते. काम चालू असताना आणि वास असेपर्यंत देवापुढचा दिवा, उदबत्ती, डासांची कॉइल आणि गॅसची शेगडी बंद हवी. स्वयंपाकघरातलं ग्रिल असेल तर त्या दिवसाचा स्वयंपाक आधी उरकून घ्या आणि सिलिंडरचा रेग्युलेटरही बंद करा. रंगाची फडकी गोळा करून पिशवीत कोंबू नका. तेलाच्या रंगाची चिंधी कडक होताना आतून तापते आणि ढिगात आपोआप धुमसू शकते. ती बाल्कनीत एकेक सुटी पसरून वाळवा, किंवा टाकायची असेल तर पाण्यात भिजवून टाका.

आता चिकट आहे त्याचं काय

आधी काय करू नका ते सांगतो. चिकट थरावर आणखी एक हात मारू नका, ब्लो टॉर्च किंवा हीटर लावू नका, आणि टाल्कम पावडर तर अजिबात नको. पावडरने चिकटपणा झाकला जातो, रंग वाळत नाही.

नुसता दमटपणाच कारण असेल, म्हणजे थर पातळ आहे, सुरकुत्या नाहीत, थिनर बरोबर आहे, तर थांबा. हवा खेळती ठेवा आणि रोज एकाच ठिकाणी अंगठा वळवून बघा. रोज थोडा तरी फरक पडतोय तोवर रंग कडक होतोय. मधे दोन दिवस ऊन पडलं तर तो फरक मोठा दिसतो. आठवड्याभरात काहीच फरक नसेल तर कारण दुसरं आहे.

थर जाड असेल तर थांबून बरंच काही साधतं, सगळं नाही. काकूंच्या हॉल आणि बेडरूममध्ये आम्ही असं केलं: सळ्यांच्या खाली लोंबणारे थेंब आणि सुरकुतलेले भाग धारदार खरवडणीने काढले, कारण तेवढे काही महिन्यांतही आतून वाळले नसते. उघडा पडलेला भाग एमटीओच्या फडक्याने पुसला. मग दहा दिवस खिडक्या उघड्या ठेवून तसंच सोडलं. अंगठा फिरेनासा झाल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासलं. घासताना पेपरवर रंगाच्या गोळ्या जमल्या तर रंग अजून कच्चा आहे, कोरडी भुकटी पडली तर तयार आहे. मग उघड्या लोखंडाला प्राइमर, तो वाळल्यावर एकच पातळ हात, आणि तिथे संपलं. दोन्ही ग्रिलांना मिळून त्या हाताला पाव लिटरही रंग लागला नाही.

स्वयंपाकघरातलं ग्रिल खालच्या भागात पूर्ण उघडं केलं. कच्चा रंग एमटीओने आणि खरवडणीने निघतो, त्याला पेंट रिमूव्हर लागत नाही. मग धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने ब्रश मारून घासलं, हातमोजे घालून. नंतर साध्या पाण्याने दोनदा धुतलं. पाण्याचे थेंब गोल गोल उभे न राहता सपाट पसरले तेव्हा तेल गेल्याचं कळलं. कोरडं करून एमटीओने शेवटचं पुसलं आणि मग प्राइमर. रॉकेल घातलेला रंगही असाच पूर्ण काढावा लागतो, त्याला दुसरा इलाज नाही.

प्रभादेवी, वरळी, वर्सोवा अशा समुद्राजवळच्या घरांत हे धुणं सगळ्याच ग्रिलांना हवं. सळ्यांवर मिठाचा थर बसतो, तो रंगाखाली राहिला की हवेतली ओल ओढत राहतो आणि पुढच्या वर्षी तिथे फोड येऊन गंज बाहेर पडतो. कोरडं घासल्याने मीठ जात नाही, गोड्या पाण्यानेच जातं.

जुन्या इमारतीत आणखी एक काळजी घ्या. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या वर नसावं हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत ते किती असेल याची खात्री नसते. म्हणून जुना रंग कोरडा घासून धूळ उडवू नका, वॉटर पेपर ओला करून घासा, मुलांना लांब ठेवा, आणि खाली अंथरलेला कागद गुंडाळून टाका.

पुन्हा रंगवताना

पावसाळ्यातच करायचं असेल तर दोन-तीन दिवस उघडीप असेल तो मुहूर्त धरा. सकाळी घासणं-पुसणं उरका, अकराच्या सुमारास ओल्या पट्ट्याची परीक्षा घ्या आणि दुपारी दोनच्या आत ब्रश ठेवून द्या, म्हणजे संध्याकाळी ओल वाढायच्या आधी रंगाला चार-पाच तास मिळतात. डब्यावर दुसऱ्या हातासाठी आठ तास लिहिले असतील तरी या दिवसांत किमान पुढच्या दिवशीच्या दुपारपर्यंत थांबा, आणि अंगठा वळवून बघितल्याशिवाय दुसरा हात मारू नका. कारागिराला घाई असेल तर त्याचे पैसे दोन दिवसांत विभागून द्या, तो दुसऱ्या दिवशी येईल. आणि त्याच्या हातात पूर्ण डबा देऊ नका. एका हाताला लागेल तेवढा रंग हिशेबाने वेगळ्या भांड्यात काढून द्या. एवढ्या एका गोष्टीने जाड थर टळतो.

उरलेला डबा पुढच्या वर्षी वापरणार असाल तर आधी झाकणावरची उत्पादनाची तारीख आणि मुदत बघा. वर साय धरली असेल तर ती ढवळून आत मोडू नका, कडेने कापून अख्खी उचला आणि रंग जुन्या नायलॉनच्या कापडातून गाळून घ्या. गडद रंग, विशेषतः काळा, डब्यात पडून राहिला की त्यातल्या ड्रायरचा जोर कमी होतो आणि तो नव्यासारखा वाळत नाही. म्हणून ग्रिलला लावण्यापूर्वी एखाद्या पत्र्याच्या तुकड्यावर पातळ हात मारून तो खिडकीत ठेवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगठा वळवल्यावर तो चिकटला तर तो डबा ग्रिलला वापरू नका.